पाच किलोहर्ट्झचा परिच्छेद

क्वांटम हार्डवेअरच्या प्रयोगशाळेत उन्हाळी इंटर्नशिप मागणारी पत्रं डिसेंबरपासून यायला लागतात आणि त्यातली बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात. क्वांटम संगणक जग बदलणार आहे, असं ते वाक्य. २०२५चं भौतिकशास्त्राचं नोबेल क्लार्क, देव्होरे आणि मार्टिनिस यांना अतिवाहक मंडलांवरच्या कामासाठी मिळालं, तेव्हापासून त्या वाक्याला एक जोडवाक्यही मिळालं आहे. पत्र वाचणाऱ्याला या दोन्ही गोष्टी ठाऊक असतात. तो ज्या मंडलांवर रोज डोकं फोडतो, त्यांच्याबद्दलच ते पारितोषिक होतं. त्याला ठाऊक नसते ती एकच गोष्ट: पत्र लिहिणाऱ्याने आजवर स्वतःच्या हाताने काय मोजलं, आणि मोजमाप चुकलं तेव्हा त्याने काय केलं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याकडे याचं उत्तर नसतं, असा समज आहे. कॉलेजात ना अतिशीत तापमान राखणारा क्रायोस्टॅट, ना मायक्रोवेव्हची महागडी उपकरणं. मग पत्रात जागा भरायला ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं येतात, क्लाउडवरच्या क्वांटम संगणकावर दोन क्यूबिट गुंतवून पाहिल्याची नोंद येते. ती नोंद खोटी नसते, पण हार्डवेअरच्या प्रयोगशाळेला तिचा उपयोग नसतो. त्या क्यूबिटपर्यंत सिग्नल कुठल्या केबलने गेला, वाटेत किती उरला आणि परत येताना कशात बुडाला, हे तिथलं काम. प्रोग्राम चालवणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, आणि दिसू नये अशीच त्या क्लाउडची रचना असते.

पण त्याच विद्यार्थ्याच्या प्रॅक्टिकल जर्नलमध्ये एक प्रयोग असतो. कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर एकापुढे एक जोडायचे, फंक्शन जनरेटरची वारंवारता वाढवत न्यायची, रेझिस्टरवरचं व्होल्टेज टिपायचं, आलेख काढायचा, शिखराच्या वारंवारतेला त्याच्या रुंदीने भागून क्वालिटी फॅक्टर म्हणजे क्यू काढायचा. एलसीआर रेझोनन्स. महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत तो कुठल्या ना कुठल्या सत्रात होतो आणि बहुतेक ठिकाणी त्याचं उत्तर चुकतं. माझ्या मते पत्राचा सगळा भार या चुकलेल्या उत्तरावर टाकावा.

चूक काय असते ते आधी आकड्यांत पाहू. समजा १० मिलिहेन्रीची कॉइल, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १० ओहमचा रेझिस्टर घेतला. सूत्राने अनुनादाची वारंवारता ५.०३ किलोहर्ट्झ येते. क्यू म्हणजे एल भागिले सी याचं वर्गमूळ, भागिले रेझिस्टन्स. वर्गमूळ ३१६ येतं, त्याला १० ने भागलं की क्यू ३१.६. प्रत्यक्षात आलेखाचं शिखर ४.८६ किलोहर्ट्झला येतं, रुंदी १.४३ किलोहर्ट्झ, आणि क्यू निघतो ३.४०. अपेक्षेच्या जवळजवळ एक दशांश.

इथे जर्नलमध्ये दोन प्रकार होतात. एक, उत्तर मागून जुळवलं जातं, रीडिंग ‘बसवली’ जातात. दोन, खाली ‘तफावत उपकरणांच्या मर्यादेमुळे’ असं एक वाक्य लिहून सही घेतली जाते. दोन्ही प्रकारांत हातातली सर्वात मौल्यवान गोष्ट टाकून दिली जाते, कारण ही तफावत कुठल्या धूसर मर्यादेमुळे आलेली नसते. तिची कारणं मोजता येतात आणि ती शोधायला मल्टिमीटर आणि अर्धा तास पुरतो.

पहिलं कारण कॉइलमध्येच असतं. दहा मिलिहेन्री म्हणजे बारीक तारेचे पुष्कळ वेढे, आणि तारेला रेझिस्टन्स असतो. मल्टिमीटरवर तो, समजा, २८ ओहम दिसतो. दुसरं कारण फंक्शन जनरेटरच्या पोटात आहे: त्याच्या आउटपुटला आतून ५० ओहम जोडलेले असतात आणि मंडलातला प्रवाह त्यांतूनही जातो. म्हणजे मंडलात रेझिस्टन्स १० ओहम नव्हताच, १० अधिक २८ अधिक ५०, असा ८८ होता. शिवाय शिखर ४.८६ किलोहर्ट्झला सरकलं, याचा अर्थ कपॅसिटर छापलेल्या किमतीपेक्षा सुमारे सात टक्के मोठा असावा. दहा टक्के टॉलरन्सच्या कपॅसिटरला ते माफ आहे. ती दुरुस्ती केली की ३१६ चे ३०५ होतात, आणि ३०५ भागिले ८८ म्हणजे ३.४७. मोजलेला क्यू ३.४०, रुंदी वाचण्यातली चूक दोन टक्के, म्हणजे ०.०७. जुळलं.

जुळलं तरी तिथे थांबू नये, कारण ५० ओहमचा हा आरोप अजून सिद्ध झालेला नाही. सिद्ध करायला ऑसिलोस्कोपचा दुसरा चॅनल जनरेटरच्या टोकांवर लावायचा. अनुनादाच्या जवळ जाताना जनरेटरचं व्होल्टेज निम्म्याहून खाली बसलेलं दिसतं आणि पलीकडे गेलं की पुन्हा वर येतं. आतल्या ५० ओहमची ती खूण. आता रेझिस्टरवरच्या व्होल्टेजला प्रत्येक रीडिंगला या टोकांवरच्या व्होल्टेजने भागायचं आणि पुन्हा आलेख काढायचा. शिखर टोकदार होतं: रुंदी ०.६२ किलोहर्ट्झ, क्यू ७.८. जनरेटर हिशेबातून बाहेर गेला आणि उरलं ते फक्त मंडलाचं स्वतःचं. ३०५ ला ७.८ ने भागलं की ३९ ओहम येतात. कॉइल आणि रेझिस्टर मिळून ३८ मोजले होते. उरलेला एक ओहम कदाचित पाच किलोहर्ट्झला कॉइलचा रेझिस्टन्स थोडा जास्त असल्याचा, कदाचित मोजमापाच्या चुकीत बसणारा. ‘कदाचित’ हा शब्द पत्रातही तसाच राहू द्यावा.

दोन खड्डे वाटेत आहेत. रुंदी व्होल्टेजच्या निम्म्या उंचीवर मोजली तर ती १.७३ पट जास्त येते. व्होल्टेजचा आलेख असेल तर ०.७०७ उंचीवर मोजायची, निम्मी व्हायला हवी ती पॉवर. दुसरा खड्डा जोडणीतला. ऑसिलोस्कोपची आणि जनरेटरची अर्थ तार बहुधा आतून एकच असते, म्हणून १० ओहमचा रेझिस्टर अर्थच्या टोकाला असावा. तो मध्ये ठेवून त्याच्यावर स्कोपची क्लिप लावली, तर पुढचा सगळा भाग शॉर्ट होतो आणि शिखर गायब होतं. मग विद्यार्थी कपॅसिटर बदलत बसतो.

आता या पाच किलोहर्ट्झच्या प्रयोगाचा आणि क्वांटम हार्डवेअरचा संबंध काय? सरळ आणि घट्ट आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये असते तशा अतिवाहक क्यूबिटच्या प्रयोगशाळेत क्यूबिटची अवस्था थेट वाचत नाहीत. क्यूबिटशेजारी एक रेझोनेटर असतो, साधारण सात गिगाहर्ट्झचा. क्यूबिट शून्यात की एकात, यावर त्या रेझोनेटरची वारंवारता किंचित सरकते, आणि ते सरकणं मायक्रोवेव्ह पाठवून वाचलं जातं. हा रेझोनेटर म्हणजे चिपवरची एक नागमोडी अतिवाहक पट्टी. तिच्यातच एलही आहे आणि सीही. तिचा क्यू किती, हा प्रश्न तिथे रोज विचारला जातो. आणि तिथेही क्यू दोन कारणांनी कमी होतो: पट्टीच्या स्वतःच्या गळतीमुळे, आणि ती बाहेरच्या ५० ओहमच्या लाइनला जोडली आहे म्हणून. पहिल्याला अंतर्गत क्यू, Q_i, म्हणू, दुसऱ्याला जोडणीचा क्यू, Q_c. मोजताना दिसतो तो दोघांचा मिळून, Q_L:

```
1/Q_L = 1/Q_i + 1/Q_c
```

कॉलेजच्या टेबलावर नेमकं हेच झालं होतं. जनरेटरचे ५० ओहम म्हणजे जोडणी, ३०५ भागिले ५० म्हणजे ६.१. कॉइल आणि रेझिस्टरची गळती म्हणजे अंतर्गत, जवळपास ८. दोघांचे व्यस्त बेरजेला घेतले की ३.४७. विद्यार्थ्याने नकळत तोच प्रयोग केला, फक्त लाखो पट कमी वारंवारतेला आणि पंख्याखाली.

फरक कुठे आहे, हेही त्याला कळायला हवं. नाही तर साम्य दाखवणारा परिच्छेद पोरकट वाटतो. टेबलावर दोन्ही क्यू एकमेकांच्या जवळपास होते, ६ आणि ८, म्हणून ते सहज वेगळे करता आले. चिपवर जोडणीचा क्यू दहा हजार आणि अंतर्गत क्यू दहा लाख असू शकतो. मग एकूण येतो ९,९०१, म्हणजे दिसतो तो जवळजवळ फक्त जोडणीचाच. अंतर्गत क्यू काढायचा तर दोन जवळपास सारख्या आकड्यांची वजाबाकी करावी लागते. एकूण क्यू मोजताना अर्धा टक्का खाली चूक झाली तर अंतर्गत क्यू साडेसहा लाख निघतो, अर्धा टक्का वर झाली तर वीस लाख. म्हणून तिथे फक्त रुंदी वाचून भागत नाही. सिग्नलची उंची आणि फेज दोन्ही घेऊन, आलेखावर जे वर्तुळ उमटतं ते काळजीपूर्वक बसवावं लागतं. केबल आणि कनेक्टर यांत थोडं परावर्तन झालं की ते वर्तुळ कलतं, आणि हा कल लक्षात न घेता बसवलं तर अंतर्गत क्यू खोटाच मोठा किंवा लहान येतो. कधी कधी तो ऋण येतो. ऋण आला तर निदान चूक कळते, हे त्यातल्या त्यात बरं.

आणखी एक फरक आहे, आणि तोच अशा प्रयोगशाळांचं खरं दुखणं आहे. टेबलावर जनरेटरचं व्होल्टेज दुप्पट केलं तरी क्यू बदलत नाही. चिपवर बदलतो. पॉवर कमी करत करत रेझोनेटरमध्ये सरासरी एकच फोटॉन उरेल इथपर्यंत आणली की अंतर्गत क्यू घसरतो. धातूवरच्या आणि सिलिकॉनवरच्या ऑक्साइडच्या पातळ थरांत दोन-दोन पातळ्यांचे सूक्ष्म दोष असतात आणि ते ऊर्जा शोषतात. पॉवर जास्त असते तेव्हा ते भरून जातात, अधिक शोषू शकत नाहीत. पॉवर घटली की पुन्हा भुकेले होतात. क्यूबिट काम करतो तो नेमका या एका फोटॉनच्या प्रदेशात, म्हणून तिथलाच क्यू खरा. पण एवढ्या क्षीण सिग्नलला एक आलेख मिळवायला तासन्‌तास सरासरी काढावी लागते आणि मोजमापं रात्रभर चालतात. सकाळी फोल्डरमध्ये शंभर फाइली पडलेल्या असतात. त्यांतल्या प्रत्येकीवर कोणीतरी ते वर्तुळ बसवायचं असतं.

हे ‘कोणीतरी’ म्हणजे उन्हाळ्यातला विद्यार्थी. पत्रात स्वतःसाठी कुठलं काम मागावं, याचं उत्तर इथे मिळतं. डायल्यूशन फ्रिज चालवायला मिळावा, असं लिहिणारे पुष्कळ असतात. तो फ्रिज खोलीच्या तापमानापासून दहा-वीस मिलिकेल्विनपर्यंत उतरायला एक-दोन दिवस घेतो, पुन्हा गरम व्हायला तसाच वेळ. एकदा थंड झाला की आत चार जणांच्या चिपा असतात आणि आठवडेच्या आठवडे तो उघडत नाहीत. आठ आठवड्यांच्या पाहुण्यासाठी तो उघडला जाणार नाही. उलट खोलीच्या तापमानाला करायची कामं साचलेली असतात: केबल, फिल्टर, अ‍ॅटेन्यूएटर फ्रिजमध्ये जाण्याआधी, वारंवारता बदलत सिग्नलची उंची आणि फेज मोजणाऱ्या व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझरवर तपासून नोंदवणं, जुन्या फाइलींचा क्यू पुन्हा काढणं, नव्या रेझोनेटरची लांबी सिम्युलेशनमध्ये ठरवणं. पत्राने यातलं एखादं काम नाव घेऊन मागितलं की ते पत्र बाजूला काढलं जातं.

बाजूला काढणारी व्यक्ती कोण, याचाही विचार करावा. पत्र प्राध्यापकांच्या नावाने जातं, पण ते बहुधा गटातल्या एखाद्या पीएच.डी. करणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे पुढे ढकललं जातं, ‘हे बघ, चालेल का’ एवढ्या ओळीसकट. पाहुण्याला शिकवायला वेळ त्यांचा जाणार असतो, त्यामुळे खरे वाचक तेच. नोबेलच्या ओळीवरून त्यांची नजर घसरते. जनरेटरच्या ५० ओहमपाशी ती थांबते, कारण त्यांनीही कधीतरी तीच चूक केलेली असते.

आता पत्रच पाहू. प्रत्यक्षात ते इंग्रजीत जाईल, एका पानाच्या आत. इथे मजकूर मराठीत मांडते. विद्यार्थिनी काल्पनिक, आकडे वरच्या प्रयोगाचे.

‘मी बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी परीक्षा १५ मे रोजी संपते. १ जून ते २६ जुलै हे आठ आठवडे तुमच्या गटात रेझोनेटरच्या मोजमापांवर काम करण्याची संधी मिळावी, यासाठी हे पत्र. ऑगस्टपासून मी एम.एस्सी.ला असेन.

कॉलेजात एलसीआर मंडलाचा क्यू मोजताना ३१.६ ऐवजी ३.४० आला. कॉइलचा रेझिस्टन्स (२८ ओहम) आणि जनरेटरचा आतला रेझिस्टन्स (५० ओहम) धरून, कपॅसिटरची सात टक्के दुरुस्ती केल्यावर अपेक्षा ३.४७ झाली. पडताळणीसाठी जनरेटरच्या टोकांवरचं व्होल्टेज वेगळं मोजून त्याने भागलं. तेव्हा क्यू ७.८ आला, म्हणजे मंडलाचा स्वतःचा रेझिस्टन्स ३९ ओहम, मल्टिमीटरवर ३८. रीडिंग, पायथनमधला प्रोग्राम आणि दोन्ही आलेख सोबत जोडले आहेत.

तुमच्या गटाच्या शोधनिबंधातल्या दुसऱ्या आकृतीत पॉवर कमी झाल्यावर अंतर्गत क्यू घसरतो. त्या आकृतीत कमी पॉवरच्या बाजूला मोजमापातली चूक दाखवणाऱ्या रेषा लांब आहेत. त्या केवळ सिग्नल क्षीण असल्यामुळे आहेत, की जोडणीचा क्यू खूपच लहान असल्यामुळे वजाबाकीत चूक वाढते आहे, हे मला कळलेलं नाही. कृत्रिम आकडे तयार करून त्यात ठरावीक गोंगाट मिसळून पाहिला. जोडणीचा क्यू अंतर्गत क्यूच्या शंभराव्या भागाइतका असेल तेव्हा एकूण क्यूमधली अर्ध्या टक्क्याची चूक उत्तर दुप्पट करते, असं दिसलं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तुमच्या जुन्या फाइलींवर वर्तुळ बसवण्याचा प्रोग्राम मी तपासू शकेन, आणि त्यानंतर खोलीच्या तापमानाला केबल आणि फिल्टर मोजण्याचं काम करू शकेन. व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर आणि क्रायोस्टॅट मी आजवर हाताळलेले नाहीत. सोल्डरिंग येतं, पण मायक्रोवेव्ह कनेक्टर जोडलेले नाहीत. कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र मिळेल. प्रयोग घेणाऱ्या प्राध्यापिकांचा संपर्क बायोडेटामध्ये दिला आहे.’

एवढंच. आवड, ध्यास, लहानपणापासूनचं कुतूहल यांचा उल्लेख नाही, आणि त्यांची उणीवही भासत नाही.

या पत्रातला सर्वात जास्त जपून लिहायचा परिच्छेद तिसरा आहे. गटाचा शोधनिबंध वाचल्याचं सगळेच लिहितात, आणि त्याचा सारांश त्याच गटाला परत पाठवतात. सारांशाऐवजी एका आकृतीचे दोन अक्ष आणि एक न समजलेली गोष्ट धरावी. पण न समजलेली गोष्ट खरी हवी. शोधनिबंधात तिचं उत्तर तिसऱ्याच ओळीत दिलं असेल, तर विद्यार्थ्याने निबंध वाचलाच नाही हे लगेच उघडं पडतं. म्हणून आकृतीखालचा मजकूर आणि शेवटी जोडलेली पुरवणी वाचल्याशिवाय प्रश्न लिहू नये; मोजमापाचे तपशील बहुधा पुरवणीतच असतात. आणि ज्या शोधनिबंधात रेझोनेटरचा असा आलेखच नाही, त्याला हा परिच्छेद चिकटवला तर तो उघडउघड उसना दिसतो. प्रत्येक प्रयोगशाळेसाठी हा परिच्छेद नव्याने लिहावा लागतो, म्हणून मोजक्याच ठिकाणी पत्र पाठवावं. पन्नास पत्त्यांना एकदम पाठवलेल्या पत्रात तो असूच शकत नाही.

गट निवडतानाही थोडी पारख हवी. ‘क्वांटम’ पाटी सगळ्यांच्याच दारावर आहे. २०२३ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये आयआयएससी बंगळुरूकडे संगणनाचं, आयआयटी मुंबईकडे संवेदन आणि मापनाचं, आयआयटी मद्रासकडे संदेशवहनाचं आणि आयआयटी दिल्लीकडे पदार्थ आणि उपकरणांचं केंद्र आहे. अडकवलेले आयन, हिऱ्यातले दोष किंवा प्रकाशाचे फोटॉन यांवर काम करणाऱ्या गटाला एलसीआरचा परिच्छेद पाठवण्यात अर्थ नाही. तिथे मायकेल्सनच्या व्यतिकरणमापकावर पट्टे का थरथरत होते, याचा हिशेब जास्त चालेल. अतिवाहक मंडलांसाठी टीआयएफआर हे आपल्या जवळचं नाव. त्यांच्या, पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेच्या आणि टीसीएसच्या एकत्रित कामातून झालेल्या सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी ऑगस्ट २०२४मध्ये जाहीर झाली. हीसुद्धा पत्रात लिहायची गोष्ट नव्हे. ती तिथल्या लोकांनीच केलेली आहे.

कमतरता सांगणारी ओळ पुष्कळांना खटकते. हाताळलेलं नाही, केलेलं नाही, असं स्वतःहून का लिहायचं? कारण पाहुणा काय करू शकत नाही हे ठाऊक असलं, तरच पहिल्या आठवड्याची आखणी होते. मायक्रोवेव्हचा एसएमए कनेक्टर टॉर्क रेंचने ठरावीक जोराने आवळायचा असतो. सैल राहिला तर सिग्नल परत फिरतो, जास्त आवळला तर मधली पिन खराब होते, आणि फ्रिजमध्ये शिरल्यावर ती दुरुस्त करायला पुन्हा सगळं गरम करावं लागतं. केलेलं नाही असं लिहिणाऱ्याला पहिल्या दिवशी जुन्या केबलवर सराव देतात. ‘मायक्रोवेव्ह तंत्रात निपुण’ असं लिहिणाऱ्याला देत नाहीत, आणि मग पिन जाते.

विशेषणाच्या जागी आकडा, हे अतिशीत तापमानाबद्दलही लागू आहे. ‘क्रायोजेनिक्सची समज आहे’ या ओळीऐवजी एक छोटा हिशेब पुरतो. पाच गिगाहर्ट्झला खोलीच्या तापमानाच्या लाइनमध्ये सुमारे १,२५० औष्णिक फोटॉन असतात. क्यूबिटला हजारात काही एवढेच चालतात. म्हणून सिग्नलच्या वाटेवर २० डेसिबलचे, म्हणजे शंभरातला एकच भाग पुढे सोडणारे, अ‍ॅटेन्यूएटर बसवतात: एक ४ केल्विनवर, एक सुमारे १०० मिलिकेल्विनवर, एक सर्वात तळाशी. प्रत्येक जण वरून आलेले फोटॉन शंभरपट घटवतो, पण स्वतःच्या तापमानाचे थोडे मिसळतो. चार केल्विननंतर सुमारे २९ उरतात, पुढच्यानंतर ०.३८, तळाशी ०.००४. तिन्ही वरच बसवले, तर चार केल्विनवाला स्वतःचेच सोळा फोटॉन खाली पाठवत राहील. तिन्ही तळाशी बसवले, तर पाठवलेल्या सिग्नलची जवळजवळ सगळी उष्णता तिथेच पडेल, आणि तिथली शीतनशक्ती मोजक्या मायक्रोवॅटची. हा हिशेब ज्याला स्वतः करता येतो त्याने तो पत्रात दोन ओळींत घालावा. एलसीआरच्या परिच्छेदाबरोबर मात्र नको. पानावर एकच खोल खड्डा खणावा.

बाकीचं किरकोळ, पण अडवणारं. ईमेलच्या विषयात तारखा आणि काम लिहावं: उन्हाळी प्रकल्प, जून-जुलै, रेझोनेटरची मोजमापं. पत्र ईमेलच्या मजकुरातच असावं, जोडलेल्या फाइलीत एक पानी बायोडेटा आणि प्रयोगाची दोन पानं, सगळं एका पीडीएफमध्ये. ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिण्याआधी गटप्रमुख बाई आहेत का, ते पाहावं. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त होते. विद्यापीठाच्या परीक्षा पुढे सरकतात हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा तारीख बदलू शकते असं एका वाक्यात लिहायला हरकत नाही. संस्थेचा स्वतःचा उन्हाळी कार्यक्रम असेल, तर अर्ज तिथेही भरावा लागतो आणि त्याची मुदत बहुधा आधी संपते. काही संस्थांत त्याशिवाय गटप्रमुखांना घेता येत नाही, मग पत्र कितीही चांगलं असो. दोन-तीन आठवडे उत्तर नाही आलं, तर त्याच ईमेलखाली दोन ओळींचं स्मरणपत्र, एकदाच.

आणि उत्तर आलं, तर ते बहुधा पंधरा मिनिटांच्या फोनचं असतं. पलीकडे तीच पीएच.डी.वाली. ती प्रयोगाची दोन पानं उघडून बसलेली असते आणि विचारते, स्कोपचा इनपुट एक मेगाओहमवर होता ना? तो ५० ओहमवर ठेवला असता तर तुझा ३.४० किती झाला असता? आमच्याकडे सगळंच ५० ओहमचं असतं. घाईत क्यू घसरेल असं वाटतं, कारण आणखी ५० ओहम आले. पण ते १० ओहमच्या समांतर आले आहेत, बेरजेत नाहीत. दहाचे ८.३ होतात, मंडलातला एकूण रेझिस्टन्स कणभर कमी होतो, आणि क्यू वाढतो, ३.४७ चा ३.५ च्या वर. दोन टक्के; विद्यार्थिनीच्या ०.०७ च्या चुकीत तो दिसलाही नसता. सिग्नल मात्र पंधरा टक्क्यांनी लहान दिसला असता.